कुंकू कुठे गेलं?

हिरव्यागार पानांत फुललेली लाल जास्वंद रंगीत फोटोत लांबूनही डोळ्यांत भरते. तोच फोटो फोनमधल्या एका बटणाने कृष्णधवल करा, आणि बहुतेक वेळा ते फूल शोधावं लागतं. पाकळ्या आणि पानं एकाच करड्या रंगात मिसळून गेलेली असतात. फोटो काढणाऱ्याला वाटतं, उठाव कमी पडला. मग तो कॉन्ट्रास्टचा स्लायडर उजवीकडे ढकलतो. पानं काळी होतात आणि त्यांच्याबरोबर फूलही काळं होतं, कारण दोघांची छटा एकच आहे आणि कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर एकाच छटेच्या दोन गोष्टी बरोबरीनेच सरकतात.

हे का होतं ते आकड्यांत बघितलं की पुढचं बरंच सोपं होतं. डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांनी सांगितलेला असतो : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला. त्या तिघांतून एक करडी छटा काढण्याचं फार जुनं आणि अजूनही सर्रास वापरात असलेलं सूत्र असं आहे की लालचे सुमारे 30 टक्के, हिरव्याचे 59 टक्के आणि निळ्याचे 11 टक्के घ्यायचे आणि बेरीज करायची. आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यांत उजळ आणि निळा सगळ्यांत गडद भासतो, म्हणून वाटणी अशी. आता पूर्ण लाल, म्हणजे 255 लाल आणि बाकी शून्य, याची करडी छटा येते 76. आणि 130 एवढा मध्यम हिरवा? त्याचीही 76. रंगात जमीनअस्मानाचा फरक, उजेडात शून्य फरक.

कृष्णधवल करायला फोटो योग्य आहे का, या प्रश्नाची सुरुवात इथे होते. रंगीत फोटोत दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या दिसतात त्या कधी रंगाच्या फरकामुळे, कधी उजेडाच्या फरकामुळे, आणि बऱ्याचदा दोन्हींमुळे. रंग काढून घेतल्यावर उरतो फक्त उजेडाचा फरक. तो आधीपासून फोटोत असेल तर काम निम्मं झालेलं असतं. नसेल तर तो रंगांतूनच निर्माण करावा लागतो, आणि तो कुठवर निर्माण करता येतो याला मर्यादा आहेत.

फोटो पारखायची एक साधी रीत आहे. त्याचा रंगाचा स्लायडर पूर्ण शून्यावर आणा, म्हणजे कुठलीही कलाकुसर न करता तो करडा होईल. मग तो स्क्रीनवर काडेपेटीएवढा लहान करून बघा. तेवढ्या आकारात सुरकुत्या, धागे, पानांच्या शिरा हे काही दिसत नाही. दिसतात ते फक्त काळ्या-पांढऱ्याचे मोठे तुकडे. ज्या माणसासाठी, वस्तूसाठी फोटो काढला ती त्या तुकड्यांमधून ओळखू येते का? बाजूने पडलेल्या उजेडातला चेहरा, दगडी पायऱ्यांवरच्या लांब सावल्या, उन्हाची एक तिरीप आलेलं अंधारं देऊळ, हे सगळं लगेच ओळखू येतं. ढगाळ दिवशी झेंडूच्या ढिगाशेजारी शेवंतीचा ढीग मांडलेला असेल तर दोन ढीग आहेत हेच कळणार नाही.

पण ही परीक्षा पार केलेला प्रत्येक फोटो कृष्णधवल करावाच असंही नाही. जेजुरीच्या भंडाऱ्याचा फोटो घ्या. पिवळा रंग मुळात उजळ, त्यामागचं आकाश निळं म्हणजे गडद. कृष्णधवल केल्यावर उजेडाचा फरक उत्तम मिळतो, काळसर आकाशात पांढरे लोट उसळताना दिसतात. तांत्रिकदृष्ट्या फोटो देखणा होतो. मात्र ज्याने जेजुरी पाहिलेली नाही त्याला ती हळद आहे हे कळायला काही उरत नाही. धूळ असेल, धूर असेल, पीठ असेल. तिथे पिवळा हाच विषय होता. गुलालाचं, रंगपंचमीचं, पैठणीच्या पदराचं तेच. रंग ही बातमी असेल तर तो काढून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर भारत रंगीत फिल्मवर टिपला, तोही अशा काळात जेव्हा गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल असं जगभर मानलं जात होतं. त्यांच्या दृष्टीने इथल्या जगण्यात रंग वरून लावलेला नाही, आत मुरलेला आहे. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या सफाई कामगारांची सुधारक ओलवे यांनी केलेली छायाचित्रं कृष्णधवल आहेत. कचऱ्यात रंगीबेरंगी प्लास्टिक असतं, चिंध्या असतात. रंगीत फोटोत डोळा आधी त्यांच्याकडे गेला असता. रंग गेल्यावर नजर माणसाच्या देहावर आणि चेहऱ्यावर थांबते. दोघांचे निर्णय उलटे आहेत, पण दोघांनीही विचारलेला प्रश्न एकच दिसतो : रंग इथे काही सांगतोय, की मधे येतोय?

रंग मधे येण्याचं रोजचं उदाहरण म्हणजे लग्नाचा हॉल. एका बाजूने पिवळा दिवा, वरून पांढरी ट्यूब, मागे सजावटीचे जांभळे एलईडी. नवरीच्या एका गालाचा रंग एक आणि दुसऱ्याचा दुसराच. असे फोटो कृष्णधवल केले की खरोखर सुधारतात, कारण तो रंगांचा गोंधळच निघून जातो. इथे मर्यादा एवढीच की चेहऱ्यावर नुसताच जांभळा किंवा निळा एलईडी पडलेला असेल तर हिरव्या भागात माहितीच जवळपास नसते, आणि निळा किंवा लाल 255 वर जाऊन आदळलेला असतो. अशा चेहऱ्यावर गालाचा उंचवटा, नाकाची कड असं काही शिल्लक नसतं. कृष्णधवल केल्यावर तो कागदाच्या मुखवट्यासारखा सपाट दिसतो आणि कुठल्याही स्लायडरने त्याला आकार परत येत नाही.

रंगांतून उजेडाचा फरक निर्माण करता येतो, असं वर म्हटलं. फिल्मच्या काळात ते काम भिंगापुढे लावलेली रंगीत काच करायची. लाल काच लाल उजेडाला वाट देते, निळ्याला अडवते. त्यामुळे निळं आकाश गडद होतं आणि लाल कौलं उजळतात. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचं. 10 एप्रिल 1927 रोजी योसेमिटीमध्ये ‘हाफ डोम’ या प्रचंड कड्यासमोर ते उभे होते, जवळ काचेच्या प्लेटा अगदी मोजक्या उरल्या होत्या. त्यांनी आधी पिवळी काच लावून एक फोटो घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं की आकाश फिकं येईल आणि कड्याचा दरारा त्यात उतरणार नाही. उरलेल्या प्लेटेवर त्यांनी गडद लाल काच लावून फोटो घेतला. त्यात आकाश जवळपास काळं आलं आणि कडा त्यावर उभा राहिला. सावल्याही जास्त गडद झाल्या, कारण सावलीत पोचणारा उजेड बहुतांशी निळ्या आकाशाचाच असतो आणि तोही लाल काचेने अडवला.

आज डिजिटल कॅमेऱ्यावर अशी काच लावायची गरज नाही, आणि लावूही नये. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ठिपक्यांपैकी निम्मे हिरवा, पाव लाल आणि पाव निळा टिपतात. लाल काच लावली की पाऊण सेन्सर जवळपास आंधळा होतो. त्यापेक्षा फोटो रंगीत घ्यावा आणि काचेचं काम नंतर करावं. लाइटरूममध्ये कृष्णधवल निवडल्यावर आठ रंगांचे स्लायडर मिळतात : लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, समुद्री हिरवट-निळा, निळा, जांभळा आणि किरमिजी. प्रत्येक स्लायडर सांगतो की मूळ फोटोत जे या रंगाचं होतं ते आता किती उजळ किंवा किती गडद दिसावं. स्नॅपसीडमध्ये तेच काम लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशा ठरावीक फिल्टरांनी होतं. बारकाई कमी, पण तत्त्व तेच. म्हणून कॅमेऱ्यातच कृष्णधवल करून साठवलेला फोटो मला फार अडचणीचा वाटतो. त्यात रंग उरलेलेच नसतात, आणि मग नंतर जास्वंद पानांपासून वेगळी काढायला काहीही हाताशी नसतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृष्णधवल बघत बघत फोटो घ्यावा, त्याने नजर तयार होते; पण साठवताना रॉ फाइल ठेवावी, तिच्यात रंग शाबूत राहतात.

आता एक फोटो घेऊन शेवटपर्यंत जाऊ. शेजारच्या आजींचा फोटो आहे. सकाळची वेळ, वाड्याच्या खिडकीतून डावीकडून उजेड येतोय. आजींच्या मागे निळसर चुन्याची भिंत, उजवीकडे अर्धं उघडं दार आणि पलीकडे अंधार. अंगावर गडद हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत लाल कुंकू, पिकलेले केस, गळ्यात सोन्याची मोहनमाळ. रंगीत फोटो चांगलाच आहे, पण त्यात नजर भिंतीकडे जाते. तो निळा फार बोलका आहे. उजेड बाजूने असल्यामुळे चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती उठून आली आहे. काडेपेटीच्या आकारात बघितलं तर पांढरे केस आणि काळं दार ठळक दिसतात. चेहरा मात्र भिंतीत विरघळतो. याचा अर्थ फोटो योग्य आहे, पण काम करावं लागणार.

विरघळतो का, ते आकड्यांत दिसतं. उजेडाकडच्या गालावर लाल 170, हिरवा 120, निळा 90. वरच्या सूत्राने करडी छटा येते साधारण 131. भिंतीवर लाल 120, हिरवा 150, निळा 185. तिची येते 145. एवढ्याशा फरकात चेहऱ्याची कड उठत नाही. कुंकवाचे आकडे 165, 30, 35; त्याची छटा 71, म्हणजे गालापेक्षा बरीच गडद, आणि ती तशी ठीक दिसते. लुगडं 66 च्या आसपास.

पहिला मोह होतो लाल फिल्टर लावण्याचा. लाल फिल्टर म्हणजे फक्त लालचे आकडे बघायचे. भिंत 145 वरून 120 वर उतरते, गाल 131 वरून 170 वर चढतो, चेहरा झटकन पुढे येतो. सुरकुत्या आणि डागही मऊ होतात. मोठा फायदा झाला असं वाटेपर्यंत लक्षात येतं की कपाळ मोकळं आहे. गालाचा लाल 170, कुंकवाचा 165. दोन्ही एकच झालं. कुंकू अक्षरशः पुसलं गेलं. आपल्याकडच्या बायकांचे कितीतरी पोर्ट्रेट या एका कारणाने बिघडतात. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सुचवलेलं असतं की चेहऱ्यासाठी लाल किंवा नारिंगी फिल्टर वापरा, त्वचा नितळ दिसते. तिथल्या चेहऱ्यांवर कुंकू नसतं, म्हणून ही अडचण त्यांना सांगावीशी वाटत नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट फार जुन्या फोटोंत दिसते. सुरुवातीच्या काळातल्या प्लेटांना आणि फिल्मला निळा उजेड जाणवायचा, पुढे हिरवाही जाणवू लागला, पण लाल जवळपास दिसतच नसे. त्यामुळे तशा प्लेटांवर घेतलेल्या फोटोंत कुंकू काजळासारखं काळंभोर येतं, ओठ काळपट येतात आणि आकाश कोरं पांढरं. पणजीचा स्टुडिओतला जुना फोटो घरात असेल तर तिचं कुंकू नीट बघा.

आजींच्या फोटोसाठी आपल्याला या दोन टोकांच्या मधली जागा हवी आहे, आणि स्वतंत्र स्लायडर ती देतात. आधी निळा खाली घ्यायचा. इथे उणे 35 च्या सुमाराला भिंत पुरेशी गडद झाली आणि गाल तिच्यापुढे स्वच्छ उठला. चेहऱ्याला हातही लावावा लागला नाही, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : चेहरा पुढे आणायचा असेल तर आधी मागचं मागे सारून बघावं. मग लाल उणे 15, कुंकू आणखी ठाम झालं. नारिंगी जवळपास शून्यावर ठेवला. आपल्या त्वचेचा मोठा भाग नारिंगीतच येतो. पिवळा अधिक 10, त्याने मोहनमाळेचे मणी चमकले. हिरव्याला मी हात लावला नाही. पानांच्या फोटोत मात्र हा अनुभव येईल की हिरवा स्लायडर हलवून फारसं काही होत नाही आणि पिवळा हलवल्यावर सगळं झाड उजळतं. उन्हातली पानं आपल्याला हिरवी वाटतात, पण त्यांच्या आकड्यांत पिवळेपणा भरपूर असतो.

लाल उणे 15 वर का थांबलो? उणे 40 वर नेल्यावर कुंकवाबरोबर ओठ, कानाच्या पाळ्या आणि नाकाच्या कडा काळवंडल्या, गालावर न धुतल्यासारखे चट्टे उमटले. त्वचेत लाल आणि नारिंगी एकमेकांत मिसळलेले असतात. शेजारच्या दोन स्लायडरांत फार अंतर पडलं की ती सरमिसळ डागांच्या रूपाने वर येते. निळ्याचीही अशीच मर्यादा आहे. उणे 70 वर नेला तेव्हा केसांच्या कडेला एक पांढरी रेघ दिसू लागली आणि भिंतीवर रवाळ खरबरीतपणा आला. हे तपासायचं तर फोटो पूर्ण आकारात उघडून दोन जागा बघायच्या : जिथे दोन रंग भेटतात ती कड, आणि भिंतीसारखा किंवा आकाशासारखा सलग भाग. कडेला रेघ किंवा सलग भागात पायऱ्या दिसल्या की मागे फिरायचं.

जेपेग फोटोत ही मोडतोड फार लवकर सुरू होते आणि त्याचं कारण थोड्यांनाच ठाऊक असतं. फोनमधल्या बहुतेक जेपेगमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी साठवतात, पण जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवतात. डोळ्याला ते कळत नाही. पण आपण रंगाच्या आधाराने उजेड ठरवायला लागलो की ती जाडीभरडी माहिती उघडी पडते आणि कडा चौकटीचौकटींच्या दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो तर आणखी दाबून लहान केलेला असतो. त्याच्या स्लायडरांना 10–15 च्या पलीकडे नेऊ नये. जास्वंदीचा असा फोटो हाती असेल तर तो रंगीतच राहू द्यावा.

रंगांचं काम झाल्यावरच कॉन्ट्रास्टकडे वळायचं. हा क्रम उलटा केला तर सुरुवातीच्या जास्वंदीसारखं होतं : आधीच मिसळलेल्या छटा ताणल्या जातात, वेगळ्या होत नाहीत. आजींच्या फोटोचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या छटेचे किती ठिपके आहेत याचा आलेख, उघडला तर तो मधेच गोळा झालेला दिसतो. दारापलीकडचा अंधार 24 च्या खाली जात नाही, केसांचा सगळ्यांत उजळ भाग 205 वर थांबतो. फोटोत खरा काळाही नाही आणि खरा पांढराही नाही, म्हणून तो धुकट वाटतो.

आधी पांढरं टोक. केसांची सगळ्यांत उजळ बट 240 ते 245 पर्यंत येईल इतकंच वर न्यायचं. 255 वर गेली की तिथे केस संपून कोरा कागद सुरू होतो. मग काळं टोक : दाराच्या फटीतला अंधार 8–10 वर आणायचा. एखाद्या छोट्या जागी पूर्ण काळा आला तरी चालतो. डोळ्याला तो खुंट्यासारखा उपयोगी पडतो, बाकीचे करडे त्याच्याशी ताडून वाचता येतात. पण लुगड्याच्या चुण्या त्यात बुडता कामा नयेत. चुण्या बुडाल्या तर लुगडं हे कापड राहत नाही, नुसता काळा आकार उरतो.

दोन टोकं बसली की मधला भाग कर्व्हने ताणायचा. कर्व्ह म्हणजे आधीची छटा आणि नंतरची छटा यांची जोडी सांगणारी रेघ. इथे दोनच बिंदू पुरले : खाली 64 होतं ते 54 वर, वर 190 होतं ते 202 वर. रेघेला इंग्रजी एसचा हलका बाक आला. मधला भाग उभट झाल्यामुळे चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हनुवटीची सावली, पापण्यांची घडी यांच्यात फरक वाढला. त्या बदल्यात टोकांजवळचा फरक कमी झाला, म्हणजे लुगड्याच्या चुण्या आणि केसांच्या बटा थोड्या दबल्या. कर्व्ह काहीही फुकट देत नाही. एका भागात उठाव वाढवला की तो दुसऱ्या भागातून काढलेला असतो, आणि ठरवायचं एवढंच असतं की या फोटोत कुठला भाग महत्त्वाचा. इथे चेहरा, म्हणून मधला भाग. पांढऱ्या धोतरातल्या म्हाताऱ्याचा उन्हातला फोटो असेल तर उजळ भागातला ताण राखावा लागेल, नाहीतर धोतराचा सगळा चुणीदारपणा जाईल.

क्लॅरिटी नावाचा स्लायडर मी 10 च्या वर नेत नाही. तो लहान लहान भागांतला फरक वाढवतो, दगडी भिंतीला, झाडाच्या सालीला शोभतो. म्हाताऱ्या चेहऱ्यावर जास्त झाला की कातडी गंजलेल्या पत्र्यासारखी दिसते आणि मागून आलेल्या सगळ्या फोटोंत तीच एक तऱ्हा दिसू लागते. त्यापेक्षा हाताने जागा निवडून उजेड बदलणं चांगलं. आजींच्या फोटोत डावा खालचा कोपरा अर्ध्या स्टॉपने उतरवला आणि डोळ्यांभोवतीचा भाग पाव स्टॉपने चढवला, तेवढ्याने नजर सरळ डोळ्यांवर जाऊ लागली.

नारिंगी स्लायडरबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. तो अधिक 30 केला की चेहरा उजळतो, म्हणजे साध्या शब्दांत माणूस गोरा होतो. रंगीत फोटोत असं केलं तर लगेच ओळखू येतं. कृष्णधवल फोटोत ते सहज खपून जातं. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची पद्धत बांधली, झोन सिस्टिम म्हणतात तिला. त्यात गोऱ्या अमेरिकन चेहऱ्याची जागा सहाव्या झोनमध्ये दिली आहे आणि गडद त्वचेची पाचव्यात, म्हणजे अगदी मधल्या करड्याजवळ. एका झोनचा फरक म्हणजे दुप्पट उजेड. सहाव्या झोनचा सल्ला पाठ केलेला आपला छायाचित्रकार शेतात राबणाऱ्या बाईचा चेहरा नकळत दुप्पट उजळतो. तिचा चेहरा सावळा आहे, उन्हात रापला आहे, घामाने गालफडावर उजेडाचा एक तुकडा चमकतो आहे. त्या चमकेभोवती त्वचा गडद राहिली तरच ती चमक दिसते. सावळ्या चेहऱ्याचं सौंदर्य या आतल्या फरकात असतं. संपूर्ण चेहरा वर ढकलला तर तो फरकच नाहीसा होतो. म्हणून नारिंगी शून्याच्या जवळ ठेवावा, आणि चेहरा दिसत नसेल तर भोवतालचं गडद करावं, भिंतीला केलं तसं.

डोंगरांच्या फोटोत हाच विचार उलट्या बाजूने उपयोगी पडतो. सह्याद्रीत हिवाळ्याच्या सकाळी एकामागे एक रांगा दिसतात, प्रत्येक मागची रांग अधिक फिकी. हा फिकेपणा हवेत पसरलेल्या निळ्या उजेडाचा असतो. निळा स्लायडर वर नेला की रांगा एकमेकींपासून सुटतात, अंतर वाढल्यासारखं वाटतं. निळा खाली नेला की लांबचा कडा जवळ येतो, त्यावरच्या घळी दिसू लागतात, पण रांगांची खोली जाते. दोन्ही खरेच, निवड आपली. पावसाळ्यातल्या दाट धुक्याला मात्र हे स्लायडर काही करू शकत नाहीत. ते पाण्याच्या थेंबांचं धुकं पांढरंच असतं, त्यात हलवायला रंगच नसतो. आणि पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी घेतलेला नुसत्या हिरव्या उताराचा फोटो, ज्यात गवत, भात, झाडं सगळं हिरवंच आहे आणि ऊन कुठेच नाही, तो कृष्णधवल करण्यात वेळ घालवू नये. त्यात रंगाचाही फरक नाही आणि उजेडाचाही नाही.

फोटो छापायचा असेल तर स्क्रीनवर बसवलेला कॉन्ट्रास्ट पुन्हा तपासावा लागतो. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद फक्त परत फेकतो. चकचकीत कागदावरचा काळा बऱ्यापैकी खोल उतरतो. मॅट कागदावरचा काळा मुळातच थोडा राखी असतो, आणि वर्तमानपत्राच्या कागदात शाई पसरून गडद करडे एकमेकांत मिसळतात. स्क्रीनचा प्रकाश पूर्ण ठेवून काम केलं तर फोटो नेहमी अंधारा छापून येतो, म्हणून काम करताना तो निम्म्यापर्यंत उतरवावा. मोठा प्रिंट काढण्याआधी फोटोतला एक पट्टा, ज्यात सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ दोन्ही येतात, त्याच कागदावर छापून घ्यावा आणि जिथे फोटो टांगायचा त्या भिंतीशी नेऊन बघावा. आजींच्या फोटोसाठी कपाळापासून लुगड्याच्या खांद्यापर्यंतचा पट्टा मॅट कागदावर छापला, तर केस आणि कुंकू बरोबर आले होते, पण खांद्यावरच्या चुण्या दिसेनाशा झाल्या. कर्व्हचा खालचा बिंदू 54 वरून 60 वर उचलला, वरच्याला हात लावला नाही. दुसऱ्या पट्ट्यात चुण्या आल्या.